कोणासाठी हवाय?

मागच्या वर्षी वहिनीच्या कपाटात नऊ गाऊन पडून राहिले. शिवले होते बारा. तीन विकले गेले, त्यातलाही एक शेजारणीने भिडेखातर घेतला. वहिनी मिरजेत राहते, घरी दोन मशिनं आहेत, कापड जवळच्या इचलकरंजीहून आणते आणि तयार गाऊनचे फोटो इन्स्टाग्रामवर टाकून विकते. सुमारे चार हजार जण तिचं पान पाहतात. ते बारा गाऊन तिने मनाने शिवले नव्हते. लोकांनीच विचारलं म्हणून शिवले होते, आणि तरीही ते पडून राहिले.

विचारणा अशी होती: “पुढून उघडणारा गाऊन आहे का?” दोन महिन्यांत हा प्रश्न पंधरा-वीस वेळा आला. पुढून उघडणारा म्हणजे बाळाला पाजायला, हे वहिनीने गृहीत धरलं. तिने छातीशी दोन्ही बाजूंना लपवलेल्या चेन लावून फिडिंग गाऊन शिवले, फिके गुलाबी आणि पिस्ता रंगांत, मिडियम आणि लार्ज मापांत. काम सुबक होतं. पण मागणाऱ्या बायकांना ते दाखवले तेव्हा बहुतेकींनी “छान आहे” एवढंच लिहिलं.

चूक कुठे झाली ते शोधायला आम्ही दोघी एका दुपारी तो मोबाइल घेऊन बसलो. सगळे प्रश्न वहीत उतरवून काढले, शब्द न बदलता. हे महत्त्वाचं आहे, कारण सारांश लिहिताना आपण आपलीच समजूत लिहितो. वहिनीच्या डोक्यात “फिडिंग गाऊनला मागणी” अशी नोंद झाली होती. मूळ ओळी वाचल्या तर “फिडिंग” हा शब्द फक्त दोघींनी वापरला होता. बाकीच्यांनी लिहिलं होतं, “पूर्ण उघडतो का?”, “डबल एक्सएल आहे का?”, “डोक्यातून न घालता येईल का?”, “आईसाठी हवा होता.” नुकत्याच बाळंत झालेल्या मुली आईसाठी गाऊन मागत नाहीत.

वहीत उतरवताना बराच पाला गाळावा लागला. “मस्त”, “सुंदर”, हात जोडलेले, हृदयं, हे सगळं ऐकायला गोड आणि कामाला शून्य. “पीपी”, म्हणजे “प्राइस प्लीज”, हा इन्स्टाग्रामवरचा सर्वांत लाडका प्रश्न; त्यातून एवढंच कळतं की आपण फोटोखाली किंमत लिहायला विसरलो. “कटिंग कसं केलं?” विचारणाऱ्या बहुधा स्वतःच शिवणाऱ्या असतात, त्या विकत घेणार नाहीत. शिवाय मोजायची ती माणसं, प्रश्न नव्हेत. एका बाईंनी सहा वेळा विचारलं होतं, ती एकच गिऱ्हाईक. अशी चाळणी लावल्यावर वीसच्या अकरा बायका उरल्या. आकडा लहान झाला, पण खरा झाला.

मग वहिनीने त्या अकराजणींना खासगीत निरोप पाठवला. इथे विचारण्याची पद्धत फार नाजूक असते. “असा गाऊन केला तर घ्याल का?” असं विचारलं की आपल्याकडे कुणी नाही म्हणत नाही, नाही म्हणणं वाईट दिसतं. म्हणून तिने दोनच गोष्टी विचारल्या: “कोणासाठी हवाय?” आणि “आत्ता काय करता?”

नऊजणींची उत्तरं आली. पाचजणींचा किंवा त्यांच्या आईचा खांदा आखडला होता. डॉक्टर ज्याला फ्रोझन शोल्डर म्हणतात तो हा आजार साधारण चाळिशी ते साठीच्या दरम्यान जास्त दिसतो, बायकांना अधिक होतो आणि मधुमेह असेल तर त्याची शक्यता वाढते. हात खांद्याच्या वर जात नाही, मागे तर अजिबात नाही. नेहमीच्या गाऊनला गळ्याशी वीतभर पट्टी असते; तो डोक्यातून घालायचा तर दोन्ही हात वर करावेच लागतात. दोघींच्या हाताला प्लास्टर होतं. एका मुलीच्या आईची छातीची शस्त्रक्रिया झाली होती. नववी तेवढी बाळंतीण. मिरज हे दवाखान्यांचं गाव, तरी हे आम्हाला घरात बसून सुचलं नव्हतं.

“आत्ता काय करता?” याची उत्तरं तर त्याहून बोलकी होती. एकीने जुना गाऊन पुढून उभा कापून त्याला नाड्या लावल्या होत्या. दुसरी यजमानांचा शर्ट आणि परकर घालून घरात वावरत होती, दारात कुणी आलं की आत पळायची. गरज खरी आहे की नुसती हौस, हे इथे कळतं. जी बाई कात्री घेऊन चांगला गाऊन कापते, ती त्या अडचणीपायी आधीच काहीतरी खर्च करून बसलेली असते. जी म्हणते “काही नाही, असंच विचारलं”, तिला वहीतून वगळावं.

आणखी एक गोष्ट लक्षात आली. शस्त्रक्रियेचं, लघवी न थांबण्याचं, खूप मोठ्या मापाचं कुणीही फोटोखाली चारचौघांत लिहीत नाही. तिथे येतो तो अर्धा प्रश्न, उरलेला अर्धा खासगी निरोपात. म्हणून अशा प्रश्नाला वर सर्वांसमोर “ताई, तुमचं माप काय?” असं उत्तर कधीही देऊ नये.

आता शिवणाचं. कापड तेच, चव्वेचाळीस पन्ह्याचं सुती; पण नेहमी तीन मीटर लागतं तिथे सव्वातीन घेतलं, कारण पुढच्या दोन्ही पाळ्या एकमेकींवर चढायला हव्यात. सुती कापड धुतल्यावर आटतं, म्हणून कापण्याआधी रात्रभर भिजवून वाळवलं. बाही वेगळी न जोडता अंगाबरोबरच काढली. शिवणक्लासमध्ये तिला मग्यार म्हणतात. मुंढा मोकळा झाला की हात फारसा न उचलता आत जातो. कपडे घालताना दुखरा हात आधी घालायचा आणि काढताना तो शेवटी काढायचा, हे रुग्णाची सेवा करणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं. तसं करायला बाहीला घेर लागतो, तो या बाहीत मिळतो. तिचा दोष एकच, काखेत ताण येऊन शिवण उसवते. तिथे चौकोनी जोड दिला.

खरी परीक्षा बंदांची झाली. वहिनीने पाच नमुने शिवून पाचजणींना केवळ कापडाच्या किमतीत दिले. अट एकच: तीनदा धुऊन मग काय त्रास झाला ते सांगायचं. गोड बोलायचं नाही. टिचबटणं लावली होती, ती बंद करताना छातीवर दाबावी लागतात. शस्त्रक्रिया झालेल्या बाईंना ते सोसेना. साध्या बटणांची काजं सुजलेल्या बोटांना जमेनात. वेलक्रो सोपा, पण धुताना उघडा राहिला की त्याच्या खरखरीत बाजूत दोरे नि केस अडकून तो चिकटेनासा होतो, आणि ती बाजू आत वळली तर कातडीला टोचते. त्यावर तोडगा असा निघाला: खरखरीत बाजू खालच्या पाळीवर, तोंड बाहेर, मऊ बाजू वरच्या पाळीच्या आतून, आणि दिसायला वरून मोठी बटणं नुसती टाकून शिवलेली. दारात कुणी आलं तर गाऊन चारचौघींसारखाच दिसतो. प्रत्येक गाऊनसोबत एक चिठ्ठी जाते, “वेलक्रो बंद करून धुवा.”

एकीने लोहचुंबकाची बटणं सुचवली होती. परदेशात ती मिळतात. हात-बोटं नीट न चालणाऱ्यांसाठीचे कपडे तिकडे वेगळा धंदा म्हणून उभे आहेत. टॉमी हिलफिगरसारख्या बड्या नावाने 2016 मध्ये मुलांपासून सुरुवात केली. पण पेसमेकर बसवलेल्या माणसाच्या छातीशी चुंबक नेणं धोक्याचं, आणि आपली गिऱ्हाइकं नेमकी त्या वयाची. वहिनीने तो विचार सोडला तो बरा केला.

पाचांपैकी तिघींनी न विचारता एकच गोष्ट सांगितली: बसल्यावर पुढून फाकतो. उभं राहून फोटो काढताना हे कधीच दिसलं नसतं. खालचा भाग शिवून टाकावा असं आधी वाटलं, पण मग गाऊन पायातून चढवावा लागला असता आणि पासष्टीच्या बाईला एका पायावर उभं करणं बरं नव्हे. शेवटी पाळी कमरेखाली हळूहळू रुंद करत नेली. वर दोन इंच, खाली घेराशी सहा इंच.

यानंतरच विक्री. फोटो टाकला, आणि आतून-बाहेरून उघडून दाखवणारी छोटी चित्रफीत टाकली. एकोणीसजणींनी “मला हवा” लिहिलं. वहिनीने दोनशे रुपये आगाऊ मागितले, तेव्हा सातजणींनी पाठवले. बाकीच्या बाराजणींबद्दल तिला राग नाही, पण कापड तिने सात गाऊनचंच आणलं. कापड, वेलक्रो, बटणं, दोरा मिळून तीनशेच्या आसपास खर्च, त्यावर तिची मजुरी, विकते साडेसहाशेला. आधीच्या फिडिंग गाऊनपेक्षा हा शिवायला पाऊण तास जास्त लागतो, हेही हिशेबात धरावं लागलं.

याला मर्यादा आहेत. पान पाहणाऱ्या सगळ्या गिऱ्हाईक नसतात, आणि ज्यांना हा गाऊन सर्वांत जास्त हवा त्या सत्तरीच्या बायका मोबाइलवर नाहीतच; त्यांच्या मुली, सुना विचारतात. मापं त्यामुळे अंदाजाने येतात. वहिनी आता माप विचारत नाही, “त्यांना चांगला बसणारा एखादा जुना गाऊन सपाट पसरून छातीशी, आडवा मोजा” असं सांगते. खांदा सुटला की गिऱ्हाईकही सुटतं, कारण बरी झालेली बाई पुन्हा नेहमीच्या गाऊनकडे जाते. हा गाऊन तिच्या एकूण विक्रीचा तिसरा हिस्सा आहे, त्याहून मोठा होईल असं मला वाटत नाही.

वही अजून चालू आहे. सध्याच्या पानावर सर्वांत वर एक ओळ आहे, आठ वेगवेगळ्या बायकांकडून आलेली: “परकराची नाडी एका हाताने बांधता येत नाही.” आठींनाही वहिनीने विचारलंय, आत्ता काय करता. सहाजणींची उत्तरं आली आहेत.