कुणाच्या दारात जायचं?

मंदिराच्या ओसरीवर पंधरा-वीस बायका बसल्या होत्या. महिलांची पतसंस्था काढायची होती आणि नाव ठरत नव्हतं. एवढ्याशा गोष्टीला तिसरी बैठक लागते हे ऐकून मी गेले होते.

वहीत चार नावं होती. देवीचं नाव तालुक्यात आधीच दोन संस्थांना होतं. मिळतंजुळतं नाव दिलं, तर सहायक निबंधकांकडून अर्ज परत येण्याची भीती. कुणीतरी 'महिला बँक' सुचवलं. हिशेब लिहिणाऱ्या ताईंनी ते लगेच खोडलं. पतसंस्थेला 'बँक' हा शब्द नावात लावता येत नाही. बँकेतल्या पाच लाखांपर्यंतच्या ठेवींना विम्याचं संरक्षण असतं, पतसंस्थेतल्या ठेवींना ते नसतं. पहिल्यांदाच पैसे ठेवणाऱ्या बाईची नावानेच फसगत व्हायला नको, हे मला पटलं.

भाजी विकणाऱ्या मावशी खांबाला टेकून मेथीची जुडी निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "मी रोज वीस रुपये भरले. कार्डावर देवीचंच नाव होतं. एके दिवशी पिग्मीवाला यायचा थांबला. आता कुणाच्या दारात जायचं?"

ओसरी गप्प झाली. माझ्या मनातून ते रोजचे वीस रुपये आजही जात नाहीत.

मग ताईंनी पूर्ण नाव मोठ्याने वाचलं: सुरुवातीला निवडायचा शब्द, पुढे 'महिला ग्रामीण बिगरशेती सहकारी पतसंस्था मर्यादित'. मावशींना म्हणून दाखवायला सांगितलं, तर पहिल्या शब्दाच्या पुढे त्या गेल्याच नाहीत. पुढचं सगळं कायद्याचं, शेवटचं 'मर्यादित'सुद्धा सक्तीचं. तोंडात राहणार तो पहिला शब्दच. वहीतलं 'स्वयंसिद्धा' तर मावशींना धड उच्चारताही येईना.

मला म्हसवडची माणदेशी महिला सहकारी बँक आठवली. चेतना सिन्हांनी १९९७मध्ये उभी केलेली ती बँक मुलखाचंच नाव घेऊन उभी आहे. ते नाव ऐकलं की माणसं कुठली, हे त्या भागातल्या बाईला वेगळं सांगावं लागत नाही. देवीच्या नावावर श्रद्धा बसते, पण ठेव मागायला जायचं तर गाव माहीत हवं.

शेवटी गावाचंच नाव लिहिलं गेलं. पुढे शेजारच्या गावांतल्या बायका परकं मानतील, असं दोघींचं म्हणणं होतं. ते खोटं नाही. पण सभासद व्हायला आलेल्या बहुतेक जणी याच गावच्या होत्या.

मावशींनी विचारलं, "कचेरी कुठं?"

"पिठाच्या गिरणीशेजारी."

"मग कार्डावर नावाखाली तेही लिहा," म्हणत त्यांनी मेथीचे देठ पदरातून झटकले.