६० मेसेज, ५ रेफरल : नोकरीसाठी काढलेल्या ओळखींचा हिशेब

नोकरी बदलण्याच्या खटपटीत असलेल्या माणसाला "कुठवर आलं?" असं विचारलं की बहुतेक वेळा एकच उत्तर येतं : "खूप लोकांना मेसेज केले, पण काही होत नाही." खूप म्हणजे किती, आणि काही होत नाही म्हणजे नेमकं काय होत नाही? लोक उत्तरच देत नाहीत? उत्तर देतात, पण फोनवर बोलायला वेळ देत नाहीत? की बोलतात, पण रेफरलचं नाव काढत नाहीत? या तीन वेगवेगळ्या अडचणी आहेत आणि तिन्हींवरचे उपायही वेगळे आहेत. सगळं मनातच ठेवलं तर त्यांची मिळून एकच निराशा होते. कागदावर उतरवलं तर काम कुठे अडलंय ते दिसतं.

त्यासाठी तीन आकडे पुरतात : ज्यांना मेसेज केला त्यांतल्या किती जणांनी उत्तर दिलं, किती जणांशी प्रत्यक्ष किंवा फोनवर बोलणं झालं, आणि किती रेफरल मिळाले. आकडे साधे असले तरी मोजणी सुरू करण्याआधी कशाला काय म्हणायचं हे ठरवून घ्यावं लागतं, कारण इथेच माणूस स्वतःला फसवतो.

उत्तर म्हणजे समोरच्याने लिहिलेलं किमान एक वाक्य. निळी टिक, अंगठा, 'ओके' यांना उत्तर म्हणायचं नाही. मोजायची ती माणसं, मेसेज नव्हेत. एकाच माणसाला आठवड्याने पुन्हा आठवण केली तरी तो एकच. प्रत्येकाला सारखी मुदत द्यावी, समजा १४ दिवस, नाहीतर काल पाठवलेला मेसेजही 'उत्तर नाही'च्या रकान्यात जाऊन पडतो. बोलणं म्हणजे दिवस-वेळ ठरवून खरोखर झालेलं बोलणं. "भेटू एकदा" हे धरायचं नाही. ठरलेल्या आणि झालेल्या भेटी शक्यतो वेगळ्या लिहाव्यात, कारण ठरून रद्द होणाऱ्या भेटी बऱ्याच असतात.

सगळ्यात जास्त घोळ रेफरलचा होतो. "सीव्ही पाठव, बघतो" हे रेफरल नव्हे. आयटी कंपन्यांत रेफरल म्हणजे तिथल्या कर्मचाऱ्याने कंपनीच्या अंतर्गत पोर्टलवर, एका ठरावीक पदासाठी, तुमचं नाव घालणं. बऱ्याच ठिकाणी तसं केलं की उमेदवारालाही आपोआप ईमेल येतो. तो आला तर एक रेफरल धरायचा. पोर्टल नसलेल्या लहान कंपनीत, त्या माणसाने तुमची आणि भरती करणाऱ्याची थेट गाठ घालून दिली तर तोही धरायचा. अनेक कंपन्यांत एक अडचण असते : एखाद्या कन्सल्टन्सीने तुमचा सीव्ही आधीच तिथे पाठवलेला असेल तर काही महिने पोर्टल नवा रेफरल स्वीकारतच नाही. मदत करणारा मनापासून प्रयत्न करतो, तरी काम होत नाही. म्हणून कोणत्या कंपनीत आपला सीव्ही कुणामार्फत गेलाय, याचीही नोंद ठेवायला हवी.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, पुण्यात सात वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग करणारी एक मुलगी नोकरी बदलू पाहतेय. दोन महिन्यांत तिने ६० जणांना मेसेज केले. मुदत संपल्यावर २८ जणांची उत्तरं आलेली होती. १३ जणांशी बोलणं झालं, ५ रेफरल मिळाले, आणि त्यांतून दोन ठिकाणी मुलाखतीला बोलावणं आलं. उत्तराचं प्रमाण ४७ टक्के. आकडा चांगला दिसतो, पण पुढे काय करायचं हे त्यावरून कळत नाही.

वहीत तिने आणखी एक रकाना ठेवला होता : ओळख किती जवळची. त्याप्रमाणे यादी तिघांत वाटली की चित्र बदलतं. पहिले २० जण पूर्वी तिच्याच टीममध्ये होते. त्यांपैकी १६ जणांनी उत्तर दिलं, ५ जणांशी बोलणं झालं, रेफरल एक. दुसरे २० जण जुजबी ओळखीचे : कॉलेजमधले सीनियर, जुन्या कंपनीतल्या दुसऱ्या विभागातले लोक, एखाद्या प्रोजेक्टवर क्लायंटकडून बोलणारे. त्यांची उत्तरं १०, बोलणी ७, रेफरल ४. तिसरे २० अगदी अनोळखी, लिंक्डइनवर शोधलेले. त्यांची उत्तरं २, बोलणं एक, रेफरल शून्य.

नुसती उत्तरं मोजली असती तर जुन्या सहकाऱ्यांचा गट सगळ्यात चांगला वाटला असता. ते आपुलकीने उत्तर देतात, पण सोळातल्या पाचांशीच पुढे बोलणं झालं. याचं कारण बहुधा तिच्या प्रश्नात असावं. "तुमच्याकडे ओपनिंग आहे का?" असं विचारलं की "सध्या नाही गं, कळवते" एवढ्यावर विषय संपतो. शिवाय हे लोक तिच्याच वर्तुळातले असतात. तिला ठाऊक असलेल्याच जागा त्यांनाही ठाऊक असतात. त्यांच्याकडे नोकरी मागण्याऐवजी नाव मागावं : "अमुक कंपनीच्या टेस्टिंग विभागातलं कुणी ओळखीचं आहे का? माझं नाव सांगून त्यांना एक मेसेज टाकशील?" असं केलं की जवळचा माणूस लांबच्या माणसापर्यंत पोचवतो.

जुजबी ओळखीतून नोकरी मिळते, हे समाजशास्त्राला बऱ्याच आधीपासून माहीत आहे. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी बॉस्टनजवळच्या न्यूटन शहरात व्यावसायिक, तांत्रिक आणि व्यवस्थापकीय नोकऱ्या करणाऱ्यांना त्या कशा मिळाल्या हे विचारलं. निम्म्याहून अधिक जणांना त्या ओळखीतून मिळालेल्या होत्या. ज्या ओळखीने काम झालं तो माणूस त्या काळात कितीदा भेटायचा, हे सांगणाऱ्यांत 'वरचेवर' म्हणणारे जेमतेम १७ टक्के निघाले. जवळपास ५६ टक्के 'अधूनमधून' म्हणाले आणि २८ टक्के 'क्वचित'. १९७३ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा लेख या विषयाचा पाया मानला जातो. २०२२ साली 'सायन्स' या नियतकालिकात लिंक्डइनच्या सुमारे दोन कोटी सदस्यांवर पाच वर्षांत झालेल्या प्रयोगांचा अभ्यास आला. त्यातही नोकरी बदलायला सर्वाधिक उपयोग झाला तो मध्यम जुजबी ओळखींचा. अगदी घट्ट नाती आणि अगदी पुसट ओळखी, दोन्ही मागे पडल्या.

तरीही आपल्या वहीतल्या आकड्यांवर किती विश्वास ठेवायचा, हे समजून घेतलं पाहिजे. विसांतले चार रेफरल आणि विसांतला एक, हा फरक डोळ्यांना मोठा दिसतो, पण इतक्या थोड्या माणसांत तो योगायोगानेही पडू शकतो. आधीच्या संशोधनाशी तो जुळतो म्हणून त्याला वजन येतं, एवढंच. विसांतली १६ उत्तरं आणि विसांतली दोन, हा फरक मात्र इतका मोठा आहे की तिथे योगायोगाचा संशय घ्यायचं कारण नाही.

दोन वेगळ्या मजकुरांची तुलना करतानाही हेच भान ठेवावं लागतं. समजा, पहिल्या मजकुराला विसांतून तीन उत्तरं आली आणि दुसऱ्याला सहा. दुसरा दुप्पट चांगला, असं वाटेल. खरं तर दोन्ही मजकूर अगदी सारखेच परिणामकारक असले तरी तीन किंवा त्याहून जास्त उत्तरांचा फरक साधारण तीनदा करून पाहिल्यास एकदा पडतोच. तसंच शून्याचं. अनोळखी लोकांत दहातला एक जण उत्तर देतो असं धरलं, तर वीस मेसेजना एकही उत्तर न येण्याची शक्यता जवळजवळ १२ टक्के, म्हणजे आठात एकदा. तीस मेसेजना ती सुमारे चार टक्क्यांवर येते. म्हणून एखादा मार्ग बंद करण्याआधी निदान तीस माणसं होऊ द्यावीत. पाच-सात मेसेज करून "लिंक्डइनवर काही होत नाही" म्हणणाऱ्याने अजून काहीच मोजलेलं नसतं.

दुसरी चूक वेळेची. उत्तर दोन दिवसांत येतं, बोलणं दोन आठवड्यांत होतं, रेफरल मात्र कंपनीत जागा निघेल तेव्हा, कधी तीन-चार महिन्यांनी मिळतो. मार्चमध्ये आलेला रेफरल हे बऱ्याचदा डिसेंबरातल्या फोनचं फळ असतं. तो मार्चच्या खात्यात घातला तर मार्चची मेहनत उगाच फळलेली दिसते आणि डिसेंबरची वाया गेलेली. म्हणून ज्या महिन्यात पहिला मेसेज गेला, त्याच महिन्याच्या ओळीत पुढची प्रत्येक गोष्ट लिहावी. मग ताज्या महिन्याची ओळ अर्धवट दिसते, आणि ती तशीच दिसायला हवी. तिच्यातली उत्तरं महिना सरल्यावर पंधरा दिवसांनी वाचता येतात. रेफरलचा रकाना वाचायला निदान तीन महिने थांबावं लागतं.

आता पुढच्या टप्प्याकडे पाहू. पाच रेफरल मिळून दोन मुलाखती, हे ठीक आहे. पण आठ-दहा रेफरल होऊनही एकही बोलावणं आलं नाही, तर दोष ओळखींचा नसतो. त्यांचं काम सीव्ही भरती करणाऱ्याच्या टेबलावर पोचण्यापर्यंतचं होतं आणि ते झालेलं असतं. मग सीव्हीत मागितलेली कौशल्यं दिसतात का, पगाराची अपेक्षा त्या पदाला जुळते का, नोटीस पिरियड किती, हे तपासावं. तीन महिन्यांचा नोटीस पिरियड असलेला उमेदवार तातडीच्या जागेसाठी पहिल्याच चाळणीत बाजूला पडतो. अशा वेळी आणखी शंभर मेसेज करून काही बदलत नाही.

या तीन आकड्यांत न मावणारी एक गोष्ट आहे आणि तिच्यासाठी वेगळा रकाना हवाच : ज्याने मदत केली, त्याला पुढे काय झालं ते कळवलं का? रेफरल देणारा आपल्या कंपनीत आपलं नाव पणाला लावतो. निवड झाली तर अनेक कंपन्या त्याला बक्षीस देतात हे खरं, पण उमेदवार मुलाखतीलाच गेला नाही तर त्याला तिथे मान खाली घालावी लागते. मुलाखत झाली, नाकारलं, दुसरीकडे रुजू झाले, काहीही असो, दोन ओळी लिहाव्यात. एकदा मदत केल्यावर ज्याला काहीच कळवलं नाही, तो पुढच्या वेळी उत्तर देणाऱ्यांच्या यादीतून गळतो, आणि तो का गळला हे वही सांगत नाही.

मग आपल्या टेस्टरने पुढच्या दोन महिन्यांत काय करावं? अनोळखी लोकांना आणखी दहा मेसेज करून तीसचा आकडा पुरा करावा, पण मजकूर बदलू नये, म्हणजे निकाल वाचता येईल. जुन्या सहकाऱ्यांना ओपनिंगऐवजी ओळख करून द्यायची विनंती करावी. उरलेला बहुतेक वेळ जुजबी ओळखीच्या आणखी तीस जणांना द्यावा, आणि प्रत्येकाला एकच नेमका प्रश्न विचारून पंधरा मिनिटांच्या फोनसाठी दोन वेळा सुचवाव्यात. त्या तिसांतून दहा-बारा बोलणी आणि तीन-चार रेफरल निघाले, तर पहिल्या खेपेचा फरक योगायोगाचा नव्हता असं मानायला आधार मिळेल. नाही निघाले, तर तो बहुधा योगायोग होता, आणि हेही तिला अंदाजाने नव्हे, आकड्यांवरून कळलेलं असेल.