एक एकर तुती, एक बॅच कोष

रेशमाची अळी तुतीचा पाला सोडून दुसरे काही खात नाही. म्हणून या शेतीचा सगळा हिशेब पाल्यापासून सुरू होतो. बीड, जालना, धाराशिव या भागांत साधारण एक एकर तुती, तिच्याजवळ एक शेड आणि घरातली दोन-तीन माणसे एवढ्यावर हा व्यवसाय चालतो. पाण्याची सोय मात्र बारमाही लागते.

लागवड बहुधा व्ही-१ या वाणाची, जोडओळीत असते. दोन ओळींत तीन फूट, दोन जोड्यांमध्ये पाच फूट आणि झाडांत दोन फूट असे अंतर ठेवले, तर एकरी साडेपाच हजारांच्या आसपास रोपे बसतात. पाच फुटांच्या पट्ट्यातून छोटा ट्रॅक्टर फिरतो, त्यामुळे खुरपणीची मजुरी वाचते. अळ्यांना पाने खुडून नव्हे, तर अख्ख्या फांद्या कापून टाकतात, आणि ही कापणी म्हणजेच बागेची छाटणी. छाटल्यावर पाला पुन्हा तयार व्हायला ४५ ते ५० दिवस लागतात. त्यात अळ्यांना खाऊ घालण्याचे दोन-अडीच आठवडे मिळवले, की एका बागेवर वर्षाला पाचच बॅच का बसतात, ते कळते. जास्त बॅच हव्या असतील तर बागेचे दोन भाग करून छाटणी मागेपुढे करावी लागते.

बॅचचे माप अंडीपुंजांत मोजतात. एका मादी पतंगाने घातलेली, रोगमुक्त असल्याची तपासणी झालेली अंडी म्हणजे एक अंडीपुंज. त्यात चारशे ते पाचशे अंडी असतात. चांगल्या वाढलेल्या एकरावर एका वेळी दोनशे अंडीपुंज झेपतात, म्हणजे ऐंशी हजारांहून जास्त अळ्या. अंडी उबवून पहिल्या दोन अवस्था सांभाळणे फार नाजूक काम असते. बहुतेक शेतकरी ते चॉकी केंद्रावर सोडतात आणि दुसरी कात टाकलेल्या, आठवडाभर वयाच्या अळ्या आणतात. चॉकीची नोंदणी छाटणीच्या तारखेवरून करावी. अळ्या आल्या आणि पाला कोवळाच असला, तर त्या चुकीवर नंतर इलाज नसतो.

दोनशे अंडीपुंजांच्या अळ्यांना शेवटच्या अवस्थेत तेराशे चौरस फुटांच्या आसपास जागा लागते. पन्नास फूट लांब आणि बावीस फूट रुंद शेडमध्ये पाच फूट रुंदीचे, चाळीस फूट लांबीचे आणि चार कप्प्यांचे दोन रॅक उभे केले, की सोळाशे चौरस फूट मिळतात आणि ये-जा करायला चार-चार फुटांच्या तीन वाटा उरतात. शेडची लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवतात, म्हणजे सकाळ-संध्याकाळचे ऊन आखूड भिंतींवर पडते. चारही बाजूंनी बारीक जाळी लावायलाच हवी. उझी माशी आत शिरली तर अळीच्या अंगावर अंडे घालते. तिथे पुढे काळा डाग पडतो आणि माशीची अळी आतून रेशीम-अळीला खाऊन टाकते. मुंग्या चढू नयेत म्हणून रॅकचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवतात. बॅच संपल्यावर शेड धुऊन ब्लिचिंग पावडरच्या द्रावणाने निर्जंतुक करायचे आणि पुढच्या चॉकीपर्यंत मोकळे ठेवायचे. या कामात घाई केली, की आधीच्या बॅचचा रोग पुढच्या बॅचमध्ये येतो.

चॉकी शेडमध्ये आल्यापासून अळी आणखी दोनदा कात टाकते. या दोन वेळा ओळखण्यात शेतकऱ्याचे कसब दिसते. कातीवर बसलेली अळी खाणे सोडते, डोके वर करून निश्चल राहते आणि तिची कातडी ताणल्यासारखी चकाकते. जवळजवळ सगळ्या अळ्या बसल्या, की पाला बंद करून बेडवर चुना धुरळतात. मग साधारण एक दिवस थांबायचे. पुढे उठलेल्या थोड्या अळ्यांची कीव येऊन लगेच पाला टाकला, तर त्या पुढे जातात, उरलेल्या मागे राहतात आणि अख्खी बॅच लहानमोठी होते. अशा बॅचचे कोष एका दिवशी तयार होत नाहीत, याचा फटका थेट बाजारात बसतो.

शेवटची अवस्था सात-आठ दिवसांची. बॅचला लागणाऱ्या एकूण पाल्यापैकी ऐंशी टक्क्यांहून जास्त पाला याच आठवड्यात खपतो. या दिवसांत रात्रीही शेडमध्ये पाऊस पडत असल्यासारखा पाने कुरतडल्याचा आवाज येतो. तापमान २४-२५ अंशांच्या आसपास आणि हवा खेळती हवी. मराठवाड्यातल्या एप्रिल-मेमध्ये हे साधणे अवघड. छतावर तुषार आणि भिंतींना ओले गोणपाट लावूनही कोष हलके येतात, म्हणून त्या काळात बॅच न घेणे बरे. रोगही याच वेळी उघडे पडतात. ग्रासरी झालेल्या अळीची कडी सुजतात, ती बेडच्या काठाने भटकते आणि कातडी फुटून दुधासारखा द्रव गळतो. ती दिसताच चिमट्याने उचलून चुन्याच्या भांड्यात टाकावी. शेजारच्या कापसावरची फवारणी वाऱ्याने तुतीवर आली, तर अळ्या ओकतात, अंग वेडेवाकडे करतात आणि काही तासांत मरतात. त्यावर औषध नाही. तुतीची जागा निवडतानाच शेजारचे पीक पाहून घेणे हाच उपाय.

पिकलेली अळी खाणे थांबवते, आखडते, पिवळसर-पारदर्शक दिसते आणि डोके उंचावून आधार शोधते. तेव्हा रॅकवर चंद्रिका किंवा प्लास्टिकच्या जाळ्या पसरतात. कोष विणायला अळीला दोन-तीन दिवस लागतात, पण कोष पाचव्या-सहाव्या दिवशीच काढायचे. आत अळी अजून मऊ असताना कोष काढले, तर ती चिरडून कवचाला डाग पडतो. काढलेला कोष कानाशी हलवला आणि आतला कोषित खुळखुळला, तर कोष तयार आहे.

इथून पुढे वेळ फार थोडा असतो. काही दिवसांत पतंग कोष भिजवून बाहेर येतो आणि भोक पडलेला कोष सूत काढायच्या कामाचा राहत नाही. शिवाय ओला कोष रोज वजनात उतरतो. गरम हवेने सुकवण्याचे यंत्र लहान शेतकऱ्याकडे नसते, म्हणून कोष काढल्या-काढल्या विकावे लागतात. डागाळलेले, पोचट आणि दोन अळ्यांनी मिळून विणलेले डबल कोष आधी वेगळे करायचे. उरलेले हवेशीर जाळीच्या क्रेटमध्ये सैल भरून रात्रीच्या गारव्यात न्यायचे. प्लास्टिकच्या पोत्यात ते तापतात आणि आतला कोषित मरतो.

आधी मराठवाड्यातला माल थेट कर्नाटकातल्या रामनगरला जाई. २०१८ मध्ये जालन्यात कोष बाजारपेठ सुरू झाली, नंतर बीडलाही खरेदी होऊ लागली. लिलावात रीलर मूठभर कोष हातात घेऊन रंग, कडकपणा आणि एकसारखेपणा पाहतो. एक किलो सूत काढायला किती कोष लागतील, याचा तो मनात अंदाज घेत असतो. चांगल्या मालाचे सहा-सात किलो पुरतात. कवच पातळ असले तर जास्त लागतात आणि बोली तेवढी खाली येते.

शंभर अंडीपुंजांना सत्तर किलो असा उतारा धरला, तर दोनशेच्या बॅचचे १४० किलो कोष होतात. समजा, जवळच्या बाजारात किलोला ५०० रुपये मिळतात आणि लांबच्या बाजारात ५४०. फरक ५,६०० रुपयांचा दिसतो. पण वाटेत वजन दोन टक्के जरी घटले, तरी जवळजवळ तीन किलो, म्हणजे दीड हजार रुपये जातात. वर भाडे आणि दोन दिवसांची मजुरी. दोन-तीन शेतकऱ्यांचा माल एकाच गाडीत गेला तरच लांबचा बाजार परवडतो. त्यासाठी चॉकी एकाच तारखेला घेतलेली असावी लागते.