गोणीत तापणारा मटार

जानेवारीच्या पहाटे वाशीच्या भाजीबाजारात हवा चांगलीच गार असते. अशा वेळी रात्रभर प्रवास करून आलेल्या मटारच्या गोणीत कोपरापर्यंत हात घालून पाहावा. वरच्या शेंगा थंड लागतात. मधल्या मात्र कोमट, कधीकधी चक्क गरम असतात. व्यापारी म्हणतात, माल तापला. बाहेरून कुठलीच ऊब मिळालेली नसताना गोणीच्या पोटात ही उष्णता येते, कारण शेंग वेलीपासून तुटली तरी ती जिवंत असते आणि श्वास घेत राहते.

तोडलेले फळ हवेतला ऑक्सिजन घेते आणि कार्बन डायऑक्साइड सोडते, हे बेरार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८२१ मध्येच दाखवून दिले होते. भाजीचेही तसेच. वेलीवर असताना पानांकडून साखरेचा पुरवठा चालू असतो. तोडणीनंतर तो थांबतो आणि पेशी साठवलेली साखर खर्चू लागतात. साखर आणि ऑक्सिजन यांच्या संयोगातून कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि ऊर्जा तयार होते. त्या ऊर्जेचा थोडा भाग पेशींच्या कामी येतो, उरलेली उष्णता होऊन बाहेर पडते. तिला श्वसनाची उष्णता म्हणतात.

सगळ्या भाज्या सारख्या वेगाने श्वास घेत नाहीत. २० अंश सेल्सिअसला एक किलो वाळवलेला कांदा तासाला साधारण ८ मिलिग्रॅम कार्बन डायऑक्साइड सोडतो. त्याच तापमानाला एक किलो मटारच्या शेंगा सुमारे २७० मिलिग्रॅम सोडतात, म्हणजे तीस पटींहून अधिक. कांदा हा विश्रांती घेणारा कंद आहे, म्हणून नुसती हवा खेळती ठेवली तरी तो चाळीत महिनोन्महिने टिकतो. मटारच्या शेंगेत मात्र कोवळे, वाढीच्या ऐन भरात असलेले दाणे असतात आणि आपण ती नेमकी त्याच क्षणी तोडतो. ब्रोकोली, पालक, मक्याची कोवळी कणसे हीसुद्धा अशीच घाईने श्वास घेणारी मंडळी. जो भाग वाढत असताना खुडला जातो, तो लवकर संपतो.

२७० मिलिग्रॅम हा आकडा ऐकायला किरकोळ वाटतो. पण एक टन मटार २० अंशांना दिवसभर ठेवला, तर त्यातून सुमारे १६,५०० किलोकॅलरी उष्णता बाहेर पडते. एक किलो बर्फ वितळायला ८० किलोकॅलरी लागतात. म्हणजे ही उष्णता शोषून घ्यायला टनामागे रोज दोनशे किलोंहून जास्त बर्फ हवा. आणि ती बाहेर पडायला वाटच नसेल, तर शेंगांचे तापमान पहिल्याच दिवशी वीसेक अंशांनी चढेल. प्रत्यक्षात काही उष्णता गोणीच्या पृष्ठभागावरून निघून जाते, म्हणून कडेचा माल वाचतो. गोणीच्या मध्यभागी हवा हलत नाही, तिथे उष्णता कोंडते. तापमान दहा अंशांनी वाढले की श्वसन दुपटी-तिपटीने वाढते, त्यातून आणखी उष्णता येते, आणि हे चक्र स्वतःच स्वतःला वेग देत राहते. शेंगा पिवळ्या पडतात, त्यांना कुबट वास येतो, दाण्याची गोडी जाते. गोडी जाण्याला दोन कारणे आहेत. काही साखर श्वसनात जळते, २० अंशांना किलोमागे दिवसाला चार-साडेचार ग्रॅम. आणि उरलेल्या साखरेतून दाणा भराभर पिष्ट बनवतो, म्हणून तो चावायला पिठूळ लागतो.

हाच मटार शून्य अंशाला आणला तर चित्र पालटते. श्वसन तासाला सुमारे ३८ मिलिग्रॅमवर उतरते, म्हणजे २० अंशांच्या मानाने सातवा हिस्सा. टनामागे रोजची उष्णता २,३०० किलोकॅलरींच्या आसपास राहते, तिला तीसेक किलो बर्फ पुरेल. मटार शून्याजवळच्या थंडीला बिचकत नाही. भेंडी, वांगी, काकडी यांना मात्र इतकी थंडी बाधते. त्यांच्यावर खड्डे आणि काळे डाग पडतात, म्हणून त्यांना साधारण सात ते बारा अंशांच्या दरम्यान ठेवावे लागते. एकाच शीतगृहात सगळ्या भाज्या एकाच अंशावर ठेवणे म्हणूनच चुकीचे ठरते.

आता कळीचा प्रश्न येतो तो तोडणी आणि थंडी यांच्यामधल्या तासांचा. समजा, जबलपूरकडच्या शेतातून दुपारी तोडलेला एक टन मटार २५ अंशांवर आहे आणि तो एक अंशावर आणायचा आहे. त्यासाठी सुमारे १९,००० किलोकॅलरी उष्णता काढावी लागते. ही शेतातून सोबत आलेली उष्णता. गंमत अशी की २५ अंशांवरच्या शेंगा एका दिवसात श्वसनातून जवळजवळ तितकीच उष्णता स्वतः तयार करतात. मग थंड करायला चोवीस तास लावले, तर यंत्राला शेतातली उष्णता आणि मधल्या काळात नव्याने जन्मलेली उष्णता असे दुहेरी ओझे उचलावे लागते. चार तासांत थंड केले, तर दुसरे ओझे फारसे निर्माणच होत नाही.

इथे अनेकांची फसगत होते. गरम माल थेट शीतगृहात रचून ठेवला की काम झाले, असे त्यांना वाटते. शीतगृहाची यंत्रे थंड माल थंड ठेवण्यापुरतीच असतात. थंड हवा थप्पीच्या भोवतीने फिरते, मधल्या क्रेटपर्यंत पोहोचत नाही. भिंतीवरचा तापमापक दोन अंश दाखवत असतो आणि थप्पीच्या पोटातल्या शेंगा दुसऱ्या दिवशीही पंधरावर असू शकतात. रेफर ट्रकचेही तेच. तो वाटेत माल गार करील, ही आशा खोटी आहे. म्हणून पूर्वशीतन, म्हणजे साठवणीआधीचे वेगळे शीतन, आवश्यक असते.

मटारसाठी पूर्वशीतनाच्या दोन रीती चांगल्या. पहिलीत बर्फाइतके गार पाणी शेंगांवर वाहते ठेवतात. पाणी हवेपेक्षा कितीतरी वेगाने उष्णता ओढते. मात्र तेच पाणी फिरवून वापरायचे असल्याने त्यात ठरावीक प्रमाणात क्लोरीन लागते, नाहीतर एका कुजक्या शेंगेचे जंतू सगळ्या मालाला लागतात, आणि नंतर शेंगा नीट निथळून घ्याव्या लागतात. दुसऱ्या रीतीत भोकांच्या क्रेटच्या दोन रांगा मध्ये फट ठेवून लावतात, वरून ताडपत्री ओढतात आणि एका टोकाच्या पंख्याने त्या फटीतली हवा शोषून घेतात. त्यामुळे गार हवेला क्रेटमधूनच वाट काढावी लागते. क्रेटची भोके एकमेकांसमोर आली नाहीत किंवा ताडपत्रीला फट राहिली, तर हवा सोपा रस्ता धरते आणि मधला माल तसाच राहतो.

शीतनाचा वेग अर्ध्या-अर्ध्याने मोजतात. पाणी शून्यावर आणि शेंगा २६ वर असतील, तर त्या १३ वर यायला जेवढा वेळ लागला, तेवढाच वेळ पुढे साडेसहावर यायला आणि तेवढाच सव्वातीनवर यायला लागतो. म्हणजे पहिल्या टप्प्याच्या तिप्पट वेळ दिल्याशिवाय माल बाहेर काढू नये. खात्री करायची तर खोलीतल्या हवेचे तापमान पाहून उपयोग नाही. थप्पीच्या मधला क्रेट काढून, त्याच्या तळाची शेंग निवडून तिच्यात सुईचा तापमापक खुपसायचा. हे काम दोन मिनिटांचे आहे, आणि इतर कुठल्याही नोंदीपेक्षा मी याच नोंदीवर विश्वास ठेवीन.

एवढे झाल्यावरच पिशवीचा विचार करावा. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात केंब्रिजमध्ये फ्रँकलिन किड आणि सिरिल वेस्ट यांनी सफरचंदांवर काम करून दाखवले की साठवणीच्या हवेत ऑक्सिजन कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त ठेवला, तर फळांचा श्वास मंदावतो. मोठ्या गोदामात हे वायू यंत्राने राखतात. छोट्या पिशवीत ते काम भाजी स्वतःच करते. ती आतला ऑक्सिजन खाते, कार्बन डायऑक्साइड सोडते, आणि पिशवीची फिल्म दोन्ही वायूंना हळूहळू ये-जा करू देते. भाजी जितका ऑक्सिजन घेते तितकाच फिल्ममधून आत आला की आतली हवा एका ठिकाणी स्थिरावते. शून्य अंशाला पाच ते सात टक्के कार्बन डायऑक्साइडच्या हवेत मटारच्या शेंगा वीसेक दिवस खाण्याजोग्या राहतात. साध्या हवेत त्या आठवडा-दोन आठवडेच टिकतात.

हा तोल किती नाजूक आहे, ते एका पिशवीवरून कळेल. पाव किलो शेंगा आणि सोबत ३०० मिलिलिटर हवा, पिशवी पूर्ण बंद. त्या हवेत ऑक्सिजन असतो ६३ मिलिलिटर. शून्य अंशाला शेंगा तासाला पाचेक मिलिलिटर घेतात, म्हणजे तो अर्धा दिवस पुरतो. २० अंशांना त्या सुरुवातीला तासाला सदतीस मिलिलिटर ओढतात. ऑक्सिजन घटेल तसा त्यांचा वेग कमी होतो, तरी दोन-तीन तासांत सगळे संपत येते. ऑक्सिजन एक-दोन टक्क्यांच्या खाली गेला की पेशी त्याच्याविना साखर फोडू लागतात आणि अल्कोहोल तयार होते. पिशवी उघडल्यावर आंबूस वास येतो, आणि शिजवूनही ती चव जात नाही.

म्हणून फिल्मची जाडी, तिचा प्रकार आणि तिच्यातली सूक्ष्म छिद्रे एका ठरावीक भाजीसाठी, ठरावीक वजनासाठी आणि ठरावीक तापमानासाठी ठरवतात. तापमान शून्यावरून वीसवर गेले, तर शेंगांची ऑक्सिजनची मागणी सातपट होते. फिल्ममधून येणारा ऑक्सिजन मात्र त्या प्रमाणात वाढत नाही, आणि छिद्रांतून येणारा तर जवळजवळ तेवढाच राहतो. उत्तम पिशवीसुद्धा मग गुदमरवणारी ठरते. शीतसाखळी जिथे तुटणार हे माहीत आहे, तिथे अशी पिशवी वापरण्यापेक्षा भोके पाडलेली साधी पिशवी परवडते. माझे हे मत अनेक विक्रेत्यांना पटत नाही, कारण बंद पिशवी काउंटरवर देखणी दिसते.

दुकानात उभे राहूनही पुष्कळ काही ओळखता येते. पिशवी किंचित आत ओढल्यासारखी दिसत असेल तर फारशी काळजी नाही, कारण बऱ्याच फिल्ममधून कार्बन डायऑक्साइड ऑक्सिजनपेक्षा लवकर बाहेर जातो. पिशवी फुगलेली असेल तर आत आंबणे सुरू झाल्याची शंका घ्यावी. आतल्या बाजूला पाण्याचे थेंब दाटले असतील, तर माल मध्येच कुठेतरी गरम होऊन पुन्हा गार झालेला असतो, आणि ओल्या देठापासून बुरशी सुरू होते.

घरी आणलेल्या मटाराची सोय यावरूनच करता येते. सोललेला दाणा शेंगेतल्या दाण्यापेक्षा जोरात श्वास घेतो, कारण सोलताना त्याला इजा होते आणि सालीचे आवरणही जाते. तेव्हा लगेच शिजवायचा नसेल तर शेंगा न सोलता, चार भोके पाडलेल्या पिशवीत, फ्रिजच्या सर्वांत थंड कप्प्यात ठेवाव्यात आणि तीन-चार दिवसांत संपवाव्यात. महिनाभर लागणार असेल, तर दाणे सोलून उकळत्या पाण्यात दीड-दोन मिनिटे बुडवावेत, लगेच बर्फाच्या पाण्यात गार करून कोरडे करावेत आणि गोठवावेत. उकळत्या पाण्यात त्यांचा श्वास कायमचा थांबतो, आणि गोठवल्यावरही रंग-चव बिघडवणारी विकरे निकामी होतात.