सासरच्या स्वागताला नव्या सुनेचं उत्तर

स्वागत समारंभात सासरे चार शब्द बोलतात, सुनेचं कौतुक करतात आणि माइक तिच्या हातात देतात. बहुतेक मुली पाठ केलेलं म्हणून दाखवतात, आणि ते ऐकताना वाटतं की सासऱ्यांनी काहीही म्हटलं असतं तरी ती हेच बोलली असती. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं एकच: पहिलं वाक्य घरून ठरवून आणू नका. समोरचं माणूस बोलत असताना त्यातला एक शब्द पकडा आणि तिथूनच सुरुवात करा. बाकीचं तयार असू द्या.

समजा, कोल्हापूरचं सासर आहे, मुलगी नाशिकची. सासरे म्हणाले, ‘आमच्या घरात लेक नव्हती, आज आली.’ तिचं उत्तर असं होऊ शकतं:

‘बाबा, घरात लेक नव्हती असं तुम्ही आत्ता म्हणालात. माझा आवाज मोठा आहे, आता घरभर ऐकू येईल. आई, साखरपुड्याला एवढ्या गडबडीत मी जेवले का, हे तुम्ही दोनदा येऊन विचारलंत. ते माझ्या मनात राहिलंय. नाशिकच्या आई-बाबांनी मला घडवलं. त्यांना इथे यायला कधी निमित्त लागू नये, एवढं मागते. या घरच्या रीती मला हळूहळू कळतील. चुकले तर हक्कानं सांगा. तुम्ही सगळे आवर्जून आलात, मनापासून आभार. जेवल्याशिवाय कुणी जाऊ नका.’

सावकाश बोललं तरी हे मिनिटभरात होतं. साखरपुड्याचा प्रसंग लहानसाच आहे, पण तो खरा घडलेला असल्यामुळे ‘तुम्ही मला मुलीसारखं मानलंत’ यापेक्षा सासूबाईंना तो जास्त भिडतो. ‘नाशिकच्या’ हा शब्दही मुद्दाम घातला आहे. दोन्हीकडे आई-बाबाच म्हणायचं असलं की मंडपात गोंधळ होतो, आणि माहेरच्यांना ‘माझे’ म्हटलं तर सासरचे परके वाटतात.

गळा दाटतो तो माहेरच्या उल्लेखाला. तो शेवटी ठेवला तर आभार राहूनच जातात. मधे ठेवला की पुढच्या साध्या वाक्यांवर आवाज सावरतो. तरीही दाटलाच, तर थांबावं, श्वास घ्यावा. लोक थांबतात. ‘मी कुणाला कधीच दुखावणार नाही’ असली वचनं मात्र देऊ नयेत. ती कुणालाच पाळता येत नाहीत, आणि ऐकणाऱ्या बायकांना ते चांगलं ठाऊक असतं.

नावं घेऊन आभार मानायला गेलात तर एखादी आत्या हमखास राहते, आणि ते वर्षानुवर्षं निघत राहतं. त्यापेक्षा ‘तुम्ही सगळे’ बरं. इतक्यात मागून कुणीतरी ‘नाव घ्या’ म्हणून ओरडणारच. दोन ओळींचा उखाणा तयार ठेवा, पण आभार आणि जेवणाचं आमंत्रण आधी उरकून घ्या. उखाण्यानंतरच्या टाळ्यांत पुढचं काही ऐकू जात नाही.