खोली पक्की झाल्याची ईमेल

तारकर्लीतल्या चार खोल्यांच्या घरगुती निवासाकडून जाणारी ईमेल तारखा, खोली, मिळालेली आगाऊ रक्कम आणि बाकी यांनी सुरू व्हावी. खोली दुपारी बाराला मिळते, पण मुंबईहून कोकणकन्याने निघालेला पाहुणा कुडाळला सकाळीच उतरतो. त्यामुळे ‘लवकर आलात तर सामान ठेवा, अंघोळ-चहाची सोय आहे’ हे वाक्य वेळेइतकेच महत्त्वाचे असते. आपुलकी दिसते ती अशा सोयीत, विशेषणांत नव्हे.

नकाशाची लिंक पुरत नाही. ती कधी मागच्या पाणंदीत नेऊन सोडते, तिथे गाडी वळत नाही. म्हणून कुडाळ, मालवण, तारकर्ली असा क्रम देऊन शेवटचा टप्पा खुणांनी सांगावा: देवळापासून डावीकडे, लाल गडग्याचे तिसरे घर. शिवाय फोन नंबर.

रद्द करण्याच्या अटीत ‘सात दिवस आधी’ लिहिले की वाद होतो, कारण मोजणी कुठून धरायची हे कळत नाही. मुक्काम 20 डिसेंबरचा असेल तर स्पष्ट लिहावे: ‘13 डिसेंबर, संध्याकाळी सहापर्यंत कळवल्यास पूर्ण रक्कम परत, त्यानंतर निम्मी.’ ही अट पैसे घेण्यापूर्वीही सांगितलेली असावी. नंतर कळवलेली अट पाहुणा मान्य करेलच असे नाही.