इंटरनेट बंद असताना चालणारा *100#

२०२५च्या मे महिन्यापासून रशियाच्या अनेक भागांत मोबाइल इंटरनेट अचानक बंद होऊ लागलं. कारण ड्रोन हल्ल्यांची भीती. कधी काही तास, कधी त्याहून जास्त. अशा वेळी मोबाइल कंपनीचं अ‍ॅप नुसतं फिरत राहतं. पण *100# डायल केलं तर काही सेकंदांत खात्यातले रूबल पडद्यावर दिसतात. रशियात वैद्यकीय शिक्षणासाठी गेलेल्या मराठी मुलांनी आणि इथून त्यांच्या फोनची वाट पाहणाऱ्या आई-वडिलांनी ही सोय नीट समजून घ्यायला हवी.

या सोयीला यूएसएसडी म्हणतात. हा संदेश इंटरनेटवरून जातच नाही. मोबाइल आणि टॉवर यांच्यात कॉल जोडण्यासाठी जी संकेतांची देवाणघेवाण सतत चालू असते, त्याच वाटेने तो कंपनीपर्यंत पोहोचतो. त्यामुळे नेटचा पॅक संपलेला असला, साधा बटणांचा फोन असला, तरी तो चालतो. पासवर्ड लागत नाही, कारण ओळख सिमकार्डावरूनच पटते. एसएमएससारखा तो कुठे साठून राहत नाही. प्रश्न गेला की लगेच उत्तर येतं, आणि तुम्ही उत्तर द्यायला उशीर केला तर मेनू आपोआप बंद होतो.

एमटीएस आणि मेगाफोन या कंपन्यांचा बॅलन्सचा कोड *100# आहे, बीलाइनचा *102# आणि टी-टू, म्हणजे पूर्वीच्या टेली-टूचा, *105#. हे आकडे एकमेकांच्या इतके जवळ असण्यामागे कारण आहे. जीएसएमच्या नियमांत 100 ते 149 हे आकडे ग्राहकाच्या मूळ कंपनीसाठी राखून ठेवलेले आहेत. म्हणून सुट्टीत घरी आलेल्या मुलाचं रशियन सिम इथे रोमिंगवर चालू असेल, तर त्याने पुण्यातून लावलेला *100# भारतीय कंपनीकडे न थांबता थेट रशियातल्या कंपनीकडे जातो.

आता एमटीएसचंच उदाहरण घेऊ. आपल्याकडे २९९ किंवा ३४९ रुपयांचा रिचार्ज मारला की त्या पैशांत प्लॅनच विकत घेतला जातो. रशियात बहुतेक टॅरिफांची पद्धत वेगळी आहे. तुम्ही भरलेले पैसे आधी खात्यात जमा होतात. ठरलेल्या तारखेला कंपनी त्यातून महिन्याचं शुल्क कापते आणि तेव्हाच मिनिटं व जीबी यांचा नवा पॅक चालू होतो. म्हणजे रूबलचा हिशेब वेगळा आणि जीबीचा वेगळा. *100# फक्त रूबल सांगतो. पॅकमधलं काय उरलं हे पाहायला *100*1# लावावं लागतं. खात्यात पैसे असूनही नेट बंद का, किंवा नेट चालू असूनही बॅलन्स शून्याजवळ कसा, असा गोंधळ नव्या मुलांचा होतो तो इथेच.

समजा, कुर्स्कमध्ये शिकणाऱ्या एका मुलीच्या फोनवर *100# लावल्यावर असं उत्तर आलं:

```
Баланс: 180 руб.
```

मग तिने *100*1# लावलं. त्यात नेट ३०० एमबी उरल्याचं कळलं. महिन्याचं शुल्क ४५० रूबल आहे आणि ते तीन दिवसांनी कापलं जाणार आहे. तिला आज रात्री ऑनलाइन लेक्चर ऐकायचं आहे, म्हणून जादा नेट घ्यायचं आहे. ती *111# लावते. पडद्यावर क्रमांकांची यादी येते. कोड पुन्हा न लावता, त्याच चौकटीत हव्या त्या ओळीचा आकडा टाइप करून पाठवायचा. यादीतले आकडे वेळोवेळी बदलतात, म्हणून मित्राने सांगितलेला क्रम डोळे झाकून दाबू नये. इंटरनेटच्या ओळीत शिरल्यावर जादा पॅक दिसतात. तिने १ जीबीचा पॅक निवडला आणि किंमत १५० रूबल दिसली.

इथे क्षणभर थांबायला हवं. १८० पुरेसे आहेत, पॅक मिळेल. पण मग खात्यात ३० रूबल उरतील. तीन दिवसांनी ४५० कापायची वेळ येईल तेव्हा पैसे कमी पडतील आणि महिन्याचा पॅक चालू होणार नाही. म्हणून तिने आधी बँकेच्या अ‍ॅपमधून किंवा दुकानातल्या टर्मिनलवरून ४५० रूबल भरावेत, *100# लावून ६३० झाल्याची खात्री करावी आणि मगच पॅक घ्यावा. १५० गेल्यावर ४८० उरतात, आणि शुल्क बिनधोक कापलं जातं. (हे सगळे आकडे नमुन्याचे आहेत. प्रत्यक्ष दर टॅरिफ आणि प्रदेशाप्रमाणे वेगळे असतात.)

पॅक निवडल्यावर पडद्यावर बहुधा विनंती स्वीकारल्याचा संदेश येतो. त्याचा अर्थ पॅक चालू झाला असा नाही. कंपनीने विनंती रांगेत घेतली, एवढंच. पॅक चालू झाल्याचा एसएमएस वेगळा येतो. तो येण्याआधी घाईघाईने पुन्हा कोड लावला, तर दुसरा पॅक घेतला जाऊन पैसे दोनदा कापले जाण्याची भीती असते. एसएमएस आल्यावर *100*1# पुन्हा लावून जीबी वाढले का ते पाहावं. तेवढी खात्री झाली की व्यवहार पूर्ण.

मेनू रशियन भाषेत असतो, पण पाच शब्द ओळखता आले की बरंचसं काम भागतं: Баланс (बलान्स) म्हणजे खात्यातली रक्कम, Остаток (अस्तातक) म्हणजे शिल्लक, Подключить (पदक्ल्यूचित) म्हणजे चालू करा, Отключить (अत्क्ल्यूचित) म्हणजे बंद करा आणि Назад (नज़ाद) म्हणजे मागे. चालू आणि बंद यांचे शब्द दिसायला सारखे आहेत. तिथे पहिली अक्षरं नीट पाहावीत. एका यूएसएसडी उत्तरात सिरिलिक लिपीची जेमतेम ८० अक्षरं मावतात, त्यामुळे वाक्यं तोडलेली आणि शब्द आखूड केलेले असतात. अर्थ लागला नाही तर आकडा पाठवू नये, मेनू बंद करावा. बंद केल्याने पैसे जात नाहीत.

अडचणी साधारण तीन प्रकारच्या येतात. पहिली, फोनवर `Connection problem or invalid MMI code` असा संदेश. फोनमध्ये दोन सिम असतील तर कोड बहुधा दुसऱ्याच सिमवरून गेलेला असतो. सिम निवडून पुन्हा लावावं. दुसरी, बॅलन्सच्या आकड्याखाली एखाद्या सेवेची जाहिरात आणि ‘१ पाठवा’ असं आमंत्रण. तिथे सवयीने १ दाबला तर पैसे लागणारी सेवा गळ्यात पडू शकते. बॅलन्स कारण नसताना रोज थोडा थोडा घटत असेल, तर एमटीएसवर *152# लावून अशा सशुल्क सेवा तपासता येतात. तिसरी, महिन्याचा पॅक संपल्यावर काही टॅरिफांत छोटा जादा पॅक न विचारता चालू होतो आणि त्याचे पैसे कापले जातात. हे टॅरिफच्या अटींत लिहिलेलं असतं.

खात्यात पैसेच नसतील आणि फोन तातडीने हवा असेल, तर एमटीएसवर *111*123# लावून थोडी रक्कम उसनी मिळते. त्यावर शुल्क लागतं आणि मुदतीत ती आपोआप वळती होते, हे लक्षात ठेवावं.

शेवटी एक कळकळीची सूचना. अनोळखी माणसाने फोनवर सांगितलेला कोणताही कोड कधीही लावू नका. *21* ने सुरू होणारा कोड तुमचे येणारे सगळे कॉल दुसऱ्या नंबरकडे वळवतो, आणि बँकेचा फोनही मग तिकडेच जातो. हे रशियात जितकं खरं आहे, तितकंच आपल्याकडेही. मूल रशियाला निघण्यापूर्वी त्याच्या कंपनीचे तीन कोड, म्हणजे बॅलन्सचा, पॅकच्या शिल्लकीचा आणि मेनूचा, कागदावर लिहून त्याच्या पासपोर्टच्या कव्हरमध्ये ठेवा. नेट बंद पडल्यावर ते शोधायला नेट नसतं.